लाकडाची मूठ, काशाची पत्री

आमच्या घरी वडिलांच्या वेळचे एक सागवानी लिहिण्याचे टेबल आहे. त्याला दोन खण. डाव्या खणाची कातीव लाकडी मूठ शाबूत होती, उजव्या खणाची घर बदलताना कोठेतरी गळून पडली. त्याच खणाच्या किल्लीच्या भोकावर काशाची एक लंबगोल पत्री होती, तीही मुठीबरोबर गेली. कातारी शोधला असता तर मूठ मिळाली असती, हे मला ठाऊक होते. परंतु घरात थ्री-डी प्रिंटर होता, आणि लाकडाचा भुसा किंवा धातूची भुकटी मिसळलेले तंतू बाजारात मिळतात असे ऐकले होते. डाव्या मुठीशेजारी उजवी मूठ परकी वाटू नये, एवढीच माझी अट होती. ती पुरी करण्यासाठी सहा आठवडे आणि तीन नॉझल खर्ची पडली. त्या खर्चातून जे समजले ते आज श्रोत्यांपुढे ठेवीत आहे.

हे यंत्र कसे चालते ते प्रथम दोन वाक्यांत सांगतो. प्लास्टिकची एक लांब तार, जिला फिलामेंट म्हणतात आणि जिची जाडी बहुधा १.७५ मिलिमीटर असते, ती तापलेल्या छोट्या तोटीतून, म्हणजे नॉझलमधून, ढकलली जाते. वितळून बाहेर आलेली रेघ एकावर एक थरांनी रचली जाते, आणि जिलबीवाल्याच्या हाताने पीठ सोडावे तसा त्या रेघेतून आकार उभा राहतो. घरगुती यंत्रांत सर्वांत जास्त वापरले जाणारे प्लास्टिक म्हणजे पीएलए. मका किंवा ऊस यांच्यातील साखरेपासून ते बनते, आणि सुमारे २०० अंश सेल्सियसला सहज वाहू लागते.

लाकडाचा तंतू म्हणजे याच पीएलएमध्ये कालवलेला बारीक भुसा. जर्मनीतील काय पार्थी या संशोधकाने २०१२ मध्ये असा तंतू प्रथम बाजारात आणला, तेव्हापासून अनेक कारखाने तो करू लागले. भुशाचे प्रमाण कोणी पंधरा टक्के ठेवतो, कोणी चाळीसच्या घरात नेतो. धातूच्या तंतूत भुशाऐवजी काशाची, तांब्याची, पितळेची किंवा पोलादाची भुकटी असते.

येथे एक हिशेब सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. साध्या पीएलएच्या एका घनसेंटिमीटरचे वजन १.२४ ग्रॅम भरते. काशाच्या एका प्रसिद्ध तंतूचे ते सुमारे ३.९ ग्रॅम असते, आणि भरीव काशाचे ८.८ ग्रॅमच्या आसपास. यावरून गणित केले, तर या तंतूत वजनाने जवळजवळ ऐंशी टक्के कासे असते. मात्र जागा पाहिली तर कासे जेमतेम एक तृतीयांश व्यापते आणि उरलेले दोन तृतीयांश प्लास्टिक असते. वेष्टनावर ‘ऐंशी टक्के धातू’ असे वाचून मी हुरळलो होतो. वस्तुतः तिळाच्या लाडवात तीळ गुळात बसावेत तसे काशाचे कण प्लास्टिकमध्ये बसलेले असतात, आणि प्रत्येक कणाभोवती प्लास्टिकचे कवच असते. म्हणूनच अशा वस्तूतून सहसा वीज वाहत नाही. कण एकमेकांना टेकलेलेच नसतात. आणि म्हणूनच यंत्रावरून उतरलेली वस्तू धातूसारखी दिसत नाही. माझी पहिली पत्री निघाली ती मळकट तपकिरी, भाजलेल्या मातीच्या खापरासारखी. खरे रूप त्या कवचाच्या आत असते. कवच काढणे हेच या कामातील अर्धे कौशल्य होय. पण ज्या कणांमुळे ते रूप येते, तेच कण वाटेत तोटी बुजवतात किंवा झिजवतात, हा दुसरा अर्धा भाग.

आधी मुठीकडे वळू. मूठ ३२ मिलिमीटर व्यासाची आणि २८ मिलिमीटर उंचीची, माथा किंचित घुमटासारखा. मी नेहमीची ०.४ मिलिमीटर भोकाची पितळी तोटी लावली आणि काम सुरू केले. पाचव्या-सहाव्या मिनिटाला रेघ बारीक होऊ लागली, मग तुटक झाली, आणि शेवटी यंत्र हवेतच गिरक्या घेऊ लागले. भुशाचे कण गोल नसतात, लांबट धाग्यांसारखे असतात. अरुंद भोकाशी ते आडवे आले की पाठीमागचे कण त्यांच्यावर साचतात. नाल्याच्या जाळीवर पालापाचोळा अडकावा तसा प्रकार. ०.६ मिलिमीटरची तोटी लावली आणि ही अडचण एका दिवसात संपली. लाकडाच्या तंतूसाठी ०.५ पेक्षा लहान भोक वापरू नये, हा नियम मी त्यानंतर मोडलेला नाही. रेघ जाड आल्याने थोडी बारकाई जाते, पण लाकडाला बारकाईपेक्षा पोत महत्त्वाचा.

दुसरी अडचण पावसाळ्याने आणली. भुसा हवेतील ओल ओढून घेतो. असा तंतू २०० अंशांच्या तोटीत शिरला की ओलीची वाफ होते, तडतड असा बारीक आवाज येतो, रेघेवर फोड उठतात, आणि एका ठिकाणाहून दुसरीकडे जाताना कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे लोंबतात. आवाज ऐकू आला की काम थांबवावे. तंतूचे रीळ ४५ ते ५० अंशांच्या उबेत पाच-सहा तास ठेवावे आणि मग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवून द्यावे. याहून जास्त उष्णता देऊ नये, कारण पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडते आणि रिळावरचे वेढे एकमेकांना चिकटतात. मी एकदा स्वयंपाकघरातील ओव्हनमध्ये हा प्रयोग केला. ओव्हनवर जे अंश लिहिले होते त्यापेक्षा आत बरेच जास्त होते, आणि रिळाचा एकच भरीव गठ्ठा हाती आला.

तिसरी गोष्ट अडचण म्हणावी की देणगी, हे वापरणाऱ्यावर अवलंबून आहे. लाकूड तापले की करपते. तोटी गरम ठेवून यंत्र नुसते उभे ठेवले, तर आतला भुसा कोळसा होतो आणि तोटीत घट्ट बसतो. म्हणून या तंतूबरोबर काम करताना यंत्राला तापलेल्या स्थितीत रेंगाळू द्यायचे नाही. काम संपताच तंतू काढून साधे पीएलए तोटीतून वाहू द्यायचे, ते आतला भुसा धुऊन नेते. परंतु याच करपण्याचा उपयोगही करून घेता येतो. १९५ अंशांना हा तंतू ताज्या पाइनसारखा फिका उतरतो, २२० च्या पुढे कॉफीच्या रंगाकडे झुकतो. मूठ उभी छापली, आणि वाटेत उष्णता कमी-अधिक केली, तर फिक्या-गडद आडव्या पट्ट्या तयार होतात. माथा घुमटाकार असल्यामुळे त्या पट्ट्या वरून पाहता एकात एक वर्तुळांसारख्या दिसतात, ओंडका आडवा कापल्यावर दिसणाऱ्या वाढीच्या वलयांप्रमाणे.

हे करताना एक चूक मी केली, ती सांगतो. यंत्राला उष्णता बदलण्याच्या दोन आज्ञा देता येतात. M109 ही आज्ञा दिली की तोटी ठरलेल्या अंशाला पोहोचेपर्यंत यंत्र थांबून राहते. M104 दिली की ते चालतच राहते आणि उष्णता मागाहून हळूहळू बदलते. मी पहिली दिली. प्रत्येक पट्टीच्या सीमेवर यंत्र थांबले, तेवढ्या वेळात भुसा करपला, आणि मुठीच्या अंगावर काळे ठिपके राहिले. दुसऱ्या आज्ञेने पट्ट्यांच्या कडा आपोआप मऊ मिसळल्या. पट्ट्यांमधले अंतर सारखे ठेवू नये, हेही ओघाने आले. झाडाला सारखा पाऊस दरवर्षी मिळत नाही. सारख्या पट्ट्यांची मूठ भोवऱ्यासारखी दिसते.

मूठ उतरली तेव्हा ती लाकडासारखी वाटत होती, पण दोन हातांवरून थरांच्या रेघा ओळखू येत होत्या. येथे काचकागद हाती घ्यायचा. १२० क्रमांकाने थरांच्या कडा उतरवल्या, मग १८०, २४० आणि ३२०. सारे हाताने. ड्रिलला चकती लावून घासण्याचा मोह टाळावा, कारण घर्षणाची उष्णता साठ अंश सहज ओलांडते आणि मग पृष्ठभाग कापला न जाता लिंपला जातो. ओळखण्याची खूण सोपी आहे: कागदावर कोरडी भुकटी जमत असेल तर काम ठीक चालले आहे, चिकट गोळ्या जमू लागल्या की हात थांबवावा आणि वस्तू निवू द्यावी. घासण्याची दिशाही पाहावी. कातीव मुठीवर कातारी कागद मुठीभोवती फिरवतो, म्हणून तिच्यावरचे बारीक ओरखडे परिघाला धरून असतात. मी सुरुवातीला वरखाली घासले आणि मूठ बनावट दिसू लागली. दिशा बदलताच डोळ्यांना ती पटली.

रंग देताना एक गैरसमज बाजूला ठेवावा लागतो. खरे लाकूड रंग पिते, हे पीत नाही; पृष्ठभागावर भुसा उघडा पडलेला असतो तेवढाच काय तो रंग धरतो. त्यामुळे लाकडाचे स्टेन लावून तसेच वाळू दिले तर चिकट डाग उरतात. ते फडक्याने चोळायचे आणि पाच मिनिटांत पुसून घ्यायचे. घासलेल्या खोलगट रेघांत रंग राहतो, उंचवट्यांवरून निघतो. असे तीन हात देऊन मी डाव्या मुठीच्या रंगापर्यंत पोहोचलो. वरून चपड्याचे पॉलिश दिले. चपडा स्पिरिटमध्ये विरघळतो, आणि स्पिरिटने पीएलएला इजा होत नाही. शिवाय जुन्या टेबलालाही तेच पॉलिश होते, तेव्हा चकाकी आपोआप जुळली.

आता पत्री. ती ६० मिलिमीटर लांब, ३५ रुंद, ३ जाड, कडेला बारीक वेलपत्तीची पन्हळ आणि मध्ये किल्लीचे भोक. भरीव काशाची असती तर ती साधारण ४३ ग्रॅम भरली असती. तंतूची १९ ग्रॅम भरली. साध्या प्लास्टिकची सहाच भरली असती. हातात घेतल्यावर एकोणीस ग्रॅम हे मनाला फसवण्यास पुरेसे आहेत, असे माझे मत झाले. मात्र या जडपणाची किंमत मोजावी लागते. साध्या पीएलएच्या एक किलोच्या रिळात ३३० मीटरहून जास्त तार असते, काशाच्या एक किलोच्या रिळात जेमतेम १०७ मीटर. तार ठिसूळही असते. रिळावरून तीव्र वळण घेऊन आली की काडीसारखी मोडते. तिला सरळ, सैल वाटेने यंत्रात न्यावे. खाली आधार नसलेले भाग स्वतःच्या वजनाने झुकतात, म्हणून पत्रीसारखी आडवी पडणारी वस्तू या तंतूला मानवते आणि लांब हाताची मूर्ती मानवत नाही.

पत्रीच्या वेळी तोटी बुजली नाही, पण तिने दुसराच दगा दिला. पत्री छापण्याआधी त्याच पितळी तोटीतून मी मित्राने दिलेले पोलादी भुकटीच्या तंतूचे अर्धे रीळ खुंट्या करण्यात संपवले होते. मग काशाची पत्री छापली, तर पन्हळीतील वेलपत्ती सुजल्यासारखी आली. तंतूचा दोष समजून मी तंतू बदलला, उष्णता बदलली, वेग कमी केला. शेवटी साधे पांढरे पीएलए लावून एक छोटा चौकोन छापला; त्याचे कोपरे बोथट, वरचा पृष्ठभाग खरबरीत, आणि आजूबाजूला धागे. साध्या तंतूतही दोष तोच आला, तेव्हा दोष तोटीचाच असणार, हे उघड झाले. तोटी काढून भिंगाखाली धरली. भोक गोल राहिले नव्हते, कड एका बाजूला पसरली होती, आणि टोकाची सपाट पाळ गोलसर झिजून तोटीची उंचीच कमी झाली होती. यंत्राला वाटत होते भोक ०.६ चे आहे. प्रत्यक्षात ते बरेच मोठे झाले होते. आतला दाब त्यामुळे उतरतो, रेघ ठरल्याप्रमाणे दबली जात नाही, आणि थांबण्याची आज्ञा दिली तरी थेंब गळत राहतो. उंची कमी झाल्याने पहिला थर पाटाला नीट चिकटेनासा होतो, तो भाग निराळा.

सर्व भुकट्या सारखी झीज करीत नाहीत, हे येथे नमूद केले पाहिजे. लाकडाचा भुसा पितळेला फारसा झिजवीत नाही, फक्त बुजवतो. कासे आणि तांबे ही पितळेच्या जवळपासच्या कठीणपणाची, त्यांची झीज सावकाश होते. पोलाद आणि लोखंड वेगाने झिजवतात. आणि ज्यांत धातूही नाही, लाकूडही नाही, असे कार्बनच्या धाग्यांचे तंतू आणि अंधारात चमकणारे तंतू हे सर्वांत वाईट. पितळी तोटीची त्यांच्यापुढे काही शे ग्रॅमांतच वाट लागते. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात आंडर्स ओल्सन हे संशोधक बोरॉन कार्बाइड मिसळलेला तंतू छापत होते. न्यूट्रॉन अडवण्यासाठी त्या पदार्थाचे भाग त्यांना हवे होते, आणि बोरॉन कार्बाइड हा ज्ञात पदार्थांतील अतिशय कठीण पदार्थांपैकी एक. तोट्या झिजतच राहिल्या, तेव्हा त्यांनी पितळी तोटीच्या टोकाला माणकाचा खडा बसवला. ही तोटी २०१६ पासून विकत मिळते. अंग पितळेचे असल्याने ती उष्णता चांगली वाहते, आणि तोंड माणकाचे असल्याने झिजत नाही; मात्र खाली पाटावर आपटली तर खडा तडकू शकतो.

एका पत्रीसाठी माणूक घेणे मला परवडणारे नव्हते. मी कठीण केलेल्या पोलादाची ०.६ ची तोटी घेतली. पोलाद पितळेइतकी उष्णता वाहत नाही, त्यामुळे आकड्यावर २०० अंश लिहिले असले तरी तंतूपर्यंत थोडी कमी पोहोचते. आठ-दहा अंश वाढवले आणि रेघ पूर्ववत झाली. बारकाई पितळी तोटीइतकी स्वच्छ येत नाही, असे अनेक जण म्हणतात. मला पत्रीवर तरी फरक दिसला नाही. ज्याला वर्षातून एकदाच असे काम करायचे आहे, त्याने पितळी तोटीच वापरावी आणि काम झाल्यावर कंदिलाच्या वातीप्रमाणे ती टाकून द्यावी, हेही गैर नाही. फक्त तीच तोटी पुढे साध्या कामाला वापरून तंतूला दोष देत बसू नये.

पत्री छापताना आणखी एक काळजी घेतली. घासण्यात पृष्ठभाग जातो, म्हणून प्रत्येक बाजूला ०.३ मिलिमीटर जादा ठेवले, आणि बाहेरची भिंत चार रेघांची केली. यंत्र आतला भाग जाळीदार पोकळ ठेवू शकते. भिंत पातळ असली आणि हात जोरात चालला तर ती जाळी उघडी पडते, आणि मग त्यावर उपाय नाही.

घासायला सुरुवात केली ती १५० क्रमांकाने. पृष्ठभागावर पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा ओढून ठेवल्या. त्या सर्वत्र पुसल्या गेल्या की सखल भाग राहिलेला नाही असे समजायचे. एकूण वेळाचा अर्धा या पहिल्या टप्प्यात जातो. आणि येथेच बहुतेक जण धीर सोडतात, कारण १५० च्या अखेरीस पत्री आधीपेक्षाही निस्तेज दिसते. पुढे २४०, ४०० आणि ६०० हे कागद पाणी लावून वापरले. पाण्याने उष्णता निघून जाते आणि धातूची भुकटी हवेत उडत नाही. कोरडे घासायचे असेल तर नाकातोंडावर मास्क हवाच. दर कागदाची दिशा आधीच्याला काटकोनात ठेवली, म्हणजे आधीचे ओरखडे उरले आहेत की नाही ते लगेच दिसते. ४०० च्या मध्यावर केव्हातरी ओल्या पृष्ठभागावर पहिली सोनेरी झाक उमटली. कणांचे माथे कापले जाऊन कासे उघडे पडू लागले होते. अगदी बारीक स्टील वूल फिरवल्यावर ती झाक पसरली, आणि पितळेच्या भांड्यांचे पॉलिश सुती फडक्याने चोळल्यावर पत्री देवघरातील जुन्या घंटेसारखी दिसू लागली. आरशासारखे प्रतिबिंब मात्र तीत येत नाही. कणांच्या मधली दोन तृतीयांश जागा शेवटी प्लास्टिकचीच.

एवढी चकचकीत पत्री जुन्या टेबलावर उपरी वाटली असती. म्हणून वेलपत्तीच्या पन्हळीत काळे बूट पॉलिश भरले आणि उंचवट्यांवरून पुसून घेतले. खरी जुनी पत्री अशीच असते: बोट लागते तेथे उजळ, बोट पोहोचत नाही तेथे काळी. उघडे पडलेले कासे खऱ्या काशासारखेच हवेने काळवंडते, तेव्हा उरलेले काम काळावर सोपवता येते. ज्यांना घाई आहे ते मीठ-व्हिनेगर लावून, झाकलेल्या डब्यात अमोनियाच्या वाफेवर वस्तू ठेवतात आणि एका रात्रीत हिरवट गंज आणतात. तो प्रयोग खिडक्या उघड्या ठेवून करावा. घासून कासे उघडे केल्यावाचून मात्र यातले काहीच लागू पडत नाही. कवचाखालच्या धातूला हवा काय आणि व्हिनेगर काय, दोन्ही सारखेच.

पत्री बसवताना स्क्रू हाताने आवळले, कारण तीन मिलिमीटरचे भरलेले पीएलए ताणाखाली तडकते. टेबल खिडकीजवळून हलवावे लागले. उन्हाळ्यात बंद काचेमागे ऊन सरळ पडले तर पत्री वाकण्याची भीती असते. खऱ्या काशाला ती कधी नव्हती. मूठ बसवून आता चौदा महिने झाले. चपड्याचा एक हात पुन्हा द्यावा लागला. पत्रीचा किल्लीभोवतालचा भाग रोजच्या बोटांनी उजळ राहिला आहे, आणि कडा मी न लावलेल्या रंगाने काळ्या पडत चालल्या आहेत.